कात्रणातले 54 टक्के आणि खालची बारीक ओळ

मी बीएस्सीला स्टॅट्स शिकवते. पेपरात छापलेला कुठलाही सर्व्हे घ्या, त्याचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या आकड्याचा अंदाज देणारी खालची आणि वरची मर्यादा, काढा आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा, असा गृहपाठ दिला होता. एका मुलीने कात्रणाचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला. हेडिंग होतं, मेन रोड वाहनमुक्त करायला निम्म्याहून जास्त नागरिकांचा पाठिंबा. खाली चौकटीत मोठा 54% आणि बाजूला "400 जणांशी बोलून".

तिने प्रमाण p = 0.54 आणि माणसं n = 400 घेऊन फॉर्म्युल्यात घातलं:

p ± 1.96 × √(p(1−p)/n)

स्टँडर्ड एरर आला साधारण 0.025, त्याला 1.96 ने गुणलं की मार्जिन ऑफ एरर 4.9 टक्के, म्हणजे इंटरव्हल 49.1 ते 58.9. गणित एकदम बरोबर, आणि खाली तिने लिहिलं होतं की खालचं टोक 50 च्या आत येतंय म्हणून हेडिंगमधलं "निम्म्याहून जास्त" सिद्ध होत नाही. मला खूप आनंद झाला, कारण बहुतेक मुलं आकडा काढून थांबतात.

पण फोटो झूम केला तर चौकटीच्या तळाला, अंगठ्याच्या सावलीत, बारीक अक्षरांत अजून एक ओळ दिसली. अर्धी कापलेली, तरी वाचता आली: "टक्केवारी स्पष्ट मत देणाऱ्या 250 जणांची". सगळा खेळ तिथेच बदलला. 54 टक्के हे 400 चे नाहीतच, 250 चे आहेत, म्हणजे 135 माणसं हो म्हणाली, 115 नाही म्हणाली, आणि उरलेल्या 150 जणांनी सांगता येत नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही. फॉर्म्युल्यातला n हा नेहमी त्या टक्केवारीच्या छेदातला आकडा असतो, किती लोकांना गाठलं तो नव्हे. आता 250 घातले की मार्जिन ऑफ एरर 6.2 टक्क्यांवर जातो आणि इंटरव्हल होतो 47.8 ते 60.2. आणि गाठलेल्या सगळ्या 400 जणांत हो म्हणणारे फक्त 33.75 टक्के, जेमतेम एक तृतीयांश! हेडिंगमध्ये मात्र "नागरिक".

वर्गात फोटो प्रोजेक्टरवर लावला. मग अर्थाचा प्रश्न आला. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की खरं प्रमाण या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के आहे. हा गैरसमज मला तिथल्या तिथे दूर करायचा होता. एका डब्यात 60 टक्के चवळी आणि बाकी राजमा मिसळून ठेवला होता, प्रत्येकाने न बघता एक दाणा काढायचा, नोंद करायची, परत टाकून हलवायचं, असं 50 वेळा, आणि आपापला इंटरव्हल फळ्यावर आडव्या रेघेने काढायचा. वेळ खूप गेला पण फळा भरला तेव्हा दिसलं की रेघा सगळ्या वेगवेगळ्या जागी आहेत, 60 वरची उभी रेघ मात्र हलत नाही, आणि जवळजवळ सगळ्या आडव्या रेघा तिला छेदतायत. एकाला 50 पैकी 37 वेळा चवळी आली, त्याचा इंटरव्हल साधारण 62 ते 86, तो चुकला. तो म्हणाला, "मॅडम, माझं काय चुकलं?" काहीच नाही रे, तुझ्या हातात तसे दाणे आले एवढंच. 95 टक्के हा भरवसा पद्धतीचा असतो, हीच कृती पुन्हा पुन्हा केली तर शंभरातले साधारण 95 इंटरव्हल खऱ्या आकड्याला पकडतात. संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी 1937 मध्ये ही मांडणी केली तीही अशीच. आपल्या हातात पडलेल्या एका इंटरव्हलमध्ये खरा आकडा असतो किंवा नसतो, आणि डबा उघडून बघायची सोय सर्व्हेत नसते.

मग त्याच मुलीने विचारलं, त्या 150 जणांचं काय, ते इंटरव्हलमध्ये कुठे येतात? कुठेच नाही. हा इंटरव्हल फक्त योगायोगाने कोण हाताला लागलं यातली चूक मोजतो, तीही माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर. गप्प राहिलेले बहुतेक दुकानदार असतील आणि विरोधात असतील, किंवा सर्व्हेवाला संध्याकाळी फिरायला आलेल्यांनाच विचारत असेल, तर सगळा इंटरव्हलच सरकलेला असतो आणि ते त्याच्या रुंदीवरून कळत नाही. कात्रणात माणसं कशी निवडली याबद्दल एक शब्द नव्हता.

"मग मार्जिन ऑफ एरर 3 टक्क्यांवर आणायला किती जण लागतील?" असं कोणीतरी मागून विचारलं. p 0.5 धरून आम्ही काढलं, साधारण 1,067. ती मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे मत देणारे 1,067, गाठायचे त्याहून जास्त." आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्याकडे पुन्हा जायचं, हेही तिने वहीत खाली लिहून घेतलं.