सारंगखेड्याच्या यात्रेत ४७ पोरं: मोजणी कशी केली

दत्तजयंतीच्या यात्रेला पाचवी-सहावीची पोरं घेऊन गेलो होतो. दोंडाईच्याकडून तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा, आणि तिथून पुढे नुसती गर्दी, घोडेबाजार, पाळणे, मंदिराची रांग. तुम्हीपण नेणार असाल तर मोजणीचं आधी ठरवा, बाकी जेवणखाण होतं कसंतरी.

आम्ही जोड्या शाळेतच लावल्या आणि प्रत्येक पोराला नंबर दिला, १-२ ची जोडी, ३-४ ची जोडी असं. यादी ४८ ची होती पण ४८ नंबरचा सकाळी तापामुळे आला नाही, म्हणून ४७ ला ४५-४६ सोबत टाकून तिघांची जोडी केली आणि चारही शिक्षकांच्या यादीत एकूण ४७ लिहिलं. हे निघायच्या आधीच करा, नाहीतर दिवसभर एक सर ४८ शोधतात आणि एक मॅडम ४७.

मोजायच्या जागा ठरलेल्या: बसमधून उतरल्यावर, मंदिराच्या रांगेआधी, दर्शन झाल्यावर, घोडेबाजारात शिरताना आणि निघताना, जेवणाला बसल्यावर, परत बसमध्ये. मोजणी झाल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही.

आता खरी गोष्ट. घोडेबाजारातून निघताना "जोडीदार आहे का?" विचारलं तर सगळे एका सुरात "होsss". मग नंबर बोलायला लावले तर १६ नंतर एकदम १९. १७ आणि १८ दोघेही गायब, आणि जोडीदार हरवला असं सांगणारं कोणी नाही कारण हरवलेले दोघे एकमेकांचेच जोडीदार! जोडीचा उपयोग एकटं पोर मागे राहिलं तर होतो, दोघं मिळून घोडा बघत थांबली तर शून्य, म्हणून नंबर बोलणं हवंच. आणि नंबर ज्याचा त्यानेच बोलायचा, मित्रासाठी "हजर" ओरडणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात.

बाजारात शिरताना दोघं होती म्हणजे शोधायचं फक्त आतमध्ये, मंदिराकडे पळायची गरज नाही. दोन शिक्षक ४५ पोरांना खाली बसवून तिथेच थांबले, एक सर आलो त्याच रस्त्याने मागे गेले आणि एक मॅडम पोलिसांच्या मदत केंद्रावर फोटोची यादी घेऊन. पोरांना आधीच सांगितलेलं की चुकलात तर शोधत फिरू नका, जिथे आहात तिथेच थांबा, त्यामुळे सरांना ती एका पांढऱ्या घोड्याच्या दावणीजवळच उभी सापडली.

नुसती डोकी मोजूनपण भागत नाही बरं का, पांढरा शर्ट सगळ्याच शाळांचा, दुसऱ्या शाळेचं पोर रांगेत घुसलं की आकडा बरोबर येतो आणि आपलं पोर बाहेर असतं. बसमध्ये तर इंजिन बंद, सगळे सीटवर, एकाने डोकी मोजायची आणि दुसऱ्याने यादी वाचायची, दोन्ही जुळलं की मगच ड्रायव्हरदादांना निघा म्हणायचं. यात्रेत पालक भेटून पोराला परस्पर घेऊन जायला बघतात, तेव्हा यादीसमोर त्यांची सही घ्या आणि चारही यादीतला आकडा लगेच बदला.