फुल लॉन्च की आधी पायलट? पोहे कपचा निर्णय आम्ही ट्री काढून कसा घेतला, माझा अनुभव

आमचा इंदूरला सांवेर रोडवर फरसाणचा छोटा कारखाना आहे, शेव, चिवडा, जीरावन मसाला वगैरे. बरेच दिवस घरात एकच विषय चालला होता, इन्स्टंट पोह्यांचा कप. गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं, पाच मिनिटांनी वरून जीरावनची पुडी आणि शेव. चव जमली होती, अडलं होतं ते पैशापाशी. काका म्हणायचे मशीन आत्ताच घ्या आणि इंदूर, उज्जैन, देवास, भोपाळ सगळीकडे एकदम उतरा, थांबलो तर दुसरा कोणीतरी कप घेऊन येईल. बाबा म्हणायचे आधी थोड्या दुकानांत लावून बघू, मग मशीन. दोघांचा धंद्यातला अनुभव मोठा आणि दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं, त्यामुळे वाद काही मिटेना. हिशेबाचं काम माझ्याकडे असतं म्हणून मीच म्हटलं की आपण डिसीजन ट्री काढू, निर्णयाच्या सगळ्या वाटा आणि त्यांचे परिणाम फांद्यांसारखे मांडलेला तक्ता, म्हणजे नक्की कुठल्या आकड्यावर आपलं जमत नाहीये ते तरी कळेल.

ट्रीमध्ये दोनच प्रकारचे सांधे असतात. जिथे आपण ठरवतो तिथे चौकोन, जिथे बाजार ठरवतो तिथे गोल. काढायचं डावीकडून उजवीकडे आणि हिशेब मात्र उजवीकडून डावीकडे करत यायचा. गोलावर शक्यतांनी गुणून सरासरी घ्यायची, चौकोनावर जी फांदी जास्त देते ती ठेवायची, दुसरी छाटायची.

आधी फुल लॉन्चचा, म्हणजे काकांच्या वाटेचा हिशेब केला कारण तो सोपा. आज ८० लाख घालायचे. त्यात मशीन, कप-झाकणाचे साचे, डिस्ट्रिब्यूटरांना माल, जाहिरात सगळं आलं. माल चालला तर टॅक्स जाऊन वर्षाला ५० लाख हातात, नाही चालला तर १० लाख, आणि हे चार वर्षं. पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर आम्ही १५ टक्के धरला, म्हणजे बँकेच्या व्याजाच्या वर थोडा, कारण नवीन मालात जोखीम आहे. शीटमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=PV(15%,4,-50)-80
=PV(15%,4,-10)-80
```

पहिल्याचं उत्तर, म्हणजे ८० लाख वजा जाऊन आजची नक्त किंमत, साधारण अधिक ६२.७ लाख, दुसऱ्याचं उणे ५१.५ लाख. चालण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर सरासरी येते अधिक ५.६ लाख. म्हणजे आत्ता लॉन्च करणं तोट्याचं नाही, पण ८० लाख घालून ५.६ हा काही उडी मारावी असा आकडा नाही.

आता पायलट, म्हणजे बाबांची थोड्या दुकानांतली टेस्ट. दादाने आधीच एक ट्री काढून ठेवला होता आणि त्यात पायलट खूपच भारी दिसत होता, जवळपास १४.६ लाख. कारण त्याने असं धरलं होतं की पायलट पास म्हणजे माल नक्की चालणार, फेल म्हणजे नक्की नाही. बहुतेक ट्री इथेच बिघडतात असं माझं मत आहे. पायलट म्हणजे ज्योतिष नाही, तो चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो, म्हणून त्याच्या चुकीचं प्रमाण ट्रीमध्ये लिहावंच लागतं.

ते प्रमाण आणायचं कुठून? मी बाबांच्या जुन्या वह्या काढल्या. आम्ही इतक्या वर्षांत जे जे नवीन पदार्थ बाजारात आणले त्यातले जे शेवटी बंद पडले, त्यांच्यातले तीनात एकाच्या आसपास सुरुवातीला मस्त विकले गेले होते. कारण सरळ आहे. नवीन वस्तू लोक एकदा चाखून बघतात आणि दुकानदारही स्कीम असेल तर पहिली पेटी उचलतो, आपल्या वहीत विक्री दिसते, पण माल त्याच्या फळीवरच पडलेला असतो. म्हणून वाईट मालालाही पायलट ३० टक्के वेळा पास म्हणेल असं धरलं. आणि चांगल्या मालाला तो ८० टक्के वेळाच पास म्हणेल असं, कारण निम्मी टेस्ट इंदूरमध्ये, आणि इथे सकाळी प्रत्येक नाक्यावर वाफाळते पोहे मिळतात, इथे कप हळू चालला म्हणून तो भोपाळच्या स्टेशनवर चालणार नाही असं होत नाही.

टक्केवारी डोक्यात बसत नसेल तर शंभर माल कल्पना करा, मला घरच्यांना समजवायला हेच उपयोगी पडलं. शंभरातले ५० चांगले, ५० वाईट. पायलट चांगल्यातले ४० पास करेल, वाईटातले १५. एकूण पास ५५, पैकी खरे चांगले ४०, म्हणजे पास झाल्यावरसुद्धा माल चांगला असण्याची शक्यता ७३ टक्के, शंभर नाही. नापास ४५, त्यात चांगले १०, म्हणजे २२ टक्के, तेव्हा नापास झाला तर लॉन्च करायचाच नाही, ती फांदी शून्य.

अजून दोन गोष्टी घालाव्या लागतात. पायलट सहा महिन्यांचा, म्हणजे पुढचा सगळा पैसा सहा महिने उशिरा येणार, त्याला सुमारे ०.९३ ने गुणायचं. आणि काकांची भीती खरी धरायची, उशिरा उतरलो तर कोणीतरी वाटा घेईल, म्हणून चांगल्या फांदीत ५० च्या जागी ४५ लाख, त्याची नक्त किंमत ४८.५ लाख. पायलटचा खर्च ८ लाख, बाहेरून पॅकिंग करून घ्यायचं म्हणून मशीन लागत नाही. पास झाल्यावरच्या लॉन्चची सरासरी २१.२ लाख येते, तिला पास होण्याच्या ५५ टक्क्यांनी आणि उशिराने गुणलं की १०.९, त्यातून ८ गेले, राहिले २.९ लाख.

म्हणजे पायलट हरला! काका खूश झाले आणि आकड्यांनुसार त्यांचंच बरोबर होतं. बाबा गप्प बसले, मग म्हणाले, "अगं पण मग टेस्टच नीट घे ना, पहिल्या पेटीला कशाला विक्री म्हणायचं?"

सगळ्यात कामाची गोष्ट तीच निघाली. मोजायचं काय ते बदललं. पहिली पेटी मोजायचीच नाही. स्कीम नाही, उधारी नाही, दुकानदाराने रोख देऊन तिसऱ्यांदा ऑर्डर दिली तरच ते दुकान पास. वह्यांत तसं बघितलं तर बंद पडलेल्या मालांपैकी दहात एखादाच तिसऱ्या रोख ऑर्डरपर्यंत पोचला होता. म्हणजे वाईट माल पास होण्याचं प्रमाण ३० वरून १० टक्क्यांवर. दुकानं फिरून शिल्लक मोजायला माणूस लागेल म्हणून खर्च ९ लाख धरला. आता शंभरात पास होतात ४५, त्यात चांगले ४०, म्हणजे ८९ टक्के. आणि पायलटची किंमत झाली ६.७ लाख, फुल लॉन्चच्या ५.६ पेक्षा जास्त. दुकानं तीच, कप तोच, मुदत तीच, फक्त कशाला पास म्हणायचं ते बदललं आणि निकाल फिरला.

वहिनीने मध्ये एक चांगला मुद्दा काढला, की नाही चाललं तर वर्षाने मशीन विकून मोकळे होऊ, ते का नाही धरलं. बरोबर आहे, बाहेर पडायचा चौकोन ट्रीमध्ये पाहिजेच. मी तो घातला. वर्षाने बंद केलं तर उरलेल्या तीन वर्षांचे दहा-दहा लाख सोडावे लागतात, त्यांची त्या वेळची किंमत २२.८ लाख. जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याने १८ च्या आसपास सांगितलं, साचे आणि जाहिरातीचं तर काहीच परत येत नाही. तेव्हा रडतखडत चालवणंच बरं, ती फांदी छाटली.

मग राहिला तो निम्मा-निम्माचा आकडा, कारण ६.७ आणि ५.६ मध्ये अंतर ते केवढं. काकांना विचारलं तर ते ६० टक्के म्हणतात, बाबा ४०. दोन्ही घालून बघितलं. ६० ला फुल लॉन्च १७, पायलट १०.८. ४० ला फुल लॉन्च उणे ५.८, पायलट अधिक २.६. म्हणजे आपापल्या आकड्यावर दोघंही बरोबर, आणि पारडं फिरतं ते साधारण ५१-५२ टक्क्यांवर. इतक्या दिवसांच्या भांडणाची जागा ही होती, आणि ५० की ५२ हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही.

अशा वेळी नुसत्या सरासरीवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. सरासरी नक्त किंमत तोट्याचा रुपया आणि नफ्याचा रुपया सारखाच मोजते, आपला कारखाना गहाण आहे हे तिला माहीत नसतं. म्हणून मी शेवटच्या टोकांची यादी काढली. फुल लॉन्चमध्ये निम्म्या वेळा ५१.५ लाख बुडतात. पायलटच्या वाटेने ४० टक्के वेळा ३६ लाख मिळतात, ५५ टक्के वेळा ९ लाखांवर सुटका होते, आणि ५७ लाख बुडण्याची वेळ फक्त ५ टक्के. दहा धंदे असलेल्या मोठ्या कंपनीने काकांचं ऐकलं तरी चालेल, एकात गेलं ते दुसऱ्यात निघतं. आम्हाला हा डाव एकदाच खेळायचाय. हे बघून काका स्वतःच म्हणाले, "ठीक आहे, पायलट करा, पण टेस्ट संपल्यावर निकष बदलायचे नाहीत."

ते त्यांनी लिहूनच घेतलं. ४० दुकानं, अर्धी इंदूरला भंवरकुआं आणि विजय नगरच्या बाजूला जिथे होस्टेलची मुलं राहतात, अर्धी भोपाळला, आणि किमान २४ दुकानांकडून तिसरी रोख ऑर्डर आली तर मशीन, नाहीतर फाईल बंद. दिवाळीचा महिना मोजणीतून बाहेर ठेवलाय कारण तेव्हा काहीही विकलं जातं.

मध्येच कोणी दुसरा कप घेऊन आला तर काय, हाही काकांचाच प्रश्न. उशिरामुळे ५० चे ४५ न होता ४० च झाले तर आजच्या हिशेबात पायलट १.४ लाखांवर येतो, म्हणजे फुल लॉन्चच्या मागे, इतका हा आकडा नाजूक आहे. म्हणून दर महिन्याला बाजारात फिरून तो परत तपासायचा असं ठरलंय. तेव्हा बसू तेव्हा पायलटवर खर्च झालेले पैसे ट्रीमध्ये घ्यायचे नाहीत, ते दोन्ही फांद्यांना सारखेच गेलेले असतील, तिथून पुढे लॉन्चचे ८० लाख घालायचे की नाही एवढाच चौकोन उरेल.