मुळं रंगवली, पट्टा का उमटला?

पार्लरमध्ये एक ताई आल्या. भांग पाडून म्हणाल्या, "बघा, केसांत झेब्रा झालाय." मी त्यांची एक बट पांढऱ्या टॉवेलवर धरून खिडकीशी नेली. टाळूलगतचा पाऊण सेंटिमीटर पांढरा होता. त्याखाली केस हळूहळू गडद होत गेले होते आणि टाळूपासून तीन ते पावणेचार सेंटिमीटरच्या दरम्यान जवळजवळ काळे झाले होते. पुढे ते पुन्हा फिके होत तांबूस तपकिरीवर आले होते.

त्या तांबूस भागाचा रंग पार्लरमध्ये झालेला होता, 5 नंबरचा. पुढे तीन महिने त्या घरीच, दर तीन आठवड्यांनी, खोक्यातला 4 नंबरचा, म्हणजे एका पायरीने गडद, रंग लावत होत्या. ब्रश कुठपर्यंत नेता, असं विचारल्यावर त्यांनी बोटाचं दीड पेर दाखवलं. म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. गंमत इथेच आहे. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, तर तीन आठवड्यांत पाऊणएक सेंटिमीटर. रंगवायचा होता तो पाऊण सेंटिमीटर आणि त्या रंगवत होत्या तीन. चार वेळा लावलेला रंग मोजत गेलो तर एकच जागा चारही वेळा ब्रशखाली आलेली निघते, आणि ती नेमकी सर्वांत काळी पट्टी होती. आधी रंगवलेला केस सच्छिद्र झालेला असतो. तो नवा रंग भराभर ओढतो आणि जुन्यावर थर चढत जातो.

त्यांचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: "मग पट्ट्यावर हलका शेड लावू?" नाही. रंगाने रंग उजळत नाही, थर तेवढा वाढतो. ती पट्टी घरी उजळायचा प्रयत्न न केलेला बरा. तिला सोडून द्यायचं आणि मुळं नीट रंगवायची. मुळांसाठी 5 नंबरचा नैसर्गिक शेड आणि त्यात मिसळायचा 6 टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर घेतला. त्यांच्या हातात ब्रश देऊन, आरशासमोर त्यांच्याकडूनच लावून घेतलं, कारण पुढच्या वेळी घरी त्याच लावणार होत्या.

30 ग्रॅम क्रीम त्यांना पुरलं. डेव्हलपरचं प्रमाण खोक्यावर असेल तेच, अंदाजपंचे नाही. मिश्रण पातळ झालं की ओघळतं आणि ओघळ म्हणजे पट्टा. भांडं प्लास्टिकचं, धातूचं नको. (कानामागची ॲलर्जीची चाचणी 48 तास आधी झालेली होती. ती रोजचा शेड असला तरी चुकवू नये.)

केस कोरडेच ठेवले. जुन्या रंगावर, सीमेच्या सेंटिमीटरभर खालून टोकांपर्यंत, साधा कंडिशनर चोपडला. तो मुळांपर्यंत चढू द्यायचा नाही, नाहीतर पांढरे केस पांढरेच राहतात. मग केसांचे चार भाग केले आणि शेपटीवाल्या कंगव्याने अर्ध्या सेंटिमीटरचे पापुद्रे काढत गेलो. सुरुवात कानशिलांपासून केली, कारण त्यांचे तिथले पांढरे केस सर्वांत चिवट होते. ब्रश आडवा टेकवून टाळूकडून बाहेर, सीमेवर थांबायचं. दोन मिलिमीटर पुढे गेला तर चालतं. मागे थांबला तर पांढरी रेघ दिसते, खूप पुढे गेला तर काळी.

ब्रश लांब नेण्याखेरीज त्यांची आणखी एक मोठी चूक होती. रंगवलेला पापुद्रा त्या खाली सोडत, आणि ओल्या मुळांवरून लांब केस सरकत जात. आम्ही प्रत्येक पापुद्रा उलट दिशेला, वर टाकला. सगळं वीस मिनिटांत उरकलं. खोक्यावरची 35 मिनिटं शेवटचा पापुद्रा झाल्यावर मोजली.

"शेवटची दहा मिनिटं रंग टोकांपर्यंत ओढा" असं काही खोक्यांवर लिहिलेलं असतं. दर वेळी तसं केलं की लांबी काळवंडत जाते. आम्ही ते गाळलं. वेळ संपल्यावर मुळांवर थोडं कोमट पाणी शिंपडून मिनिटभर बोटांनी चोळलं, म्हणजे सीमेवरची कड सौम्य होते. लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकलं. खालच्या तांबूस लांबीला, पट्टी वगळून, अमोनियाविरहित तपकिरी रंग दहा मिनिटं दिला, म्हणजे पट्टी आणि लांबी यांतला फरक थोडा कमी झाला. पट्टी गेली नाही, पण डोळ्यांत खुपेनाशी झाली.

महिन्याने त्यांनी घरी लावलेल्या रंगाचा फोटो पाठवला. भांगात जोड शोधूनही सापडेना. फक्त डाव्या कानावर एक गडद ठिपका होता. तिथला पापुद्रा खाली पडला होता, हे त्यांनीच आधी लिहिलं होतं.