‘स्क्रू’ या एका शब्दाची ड्युटी

कुपवाड एमआयडीसीत माझं प्लास्टिक पाइपचं छोटं युनिट आहे. 2021 च्या ऑक्टोबरात प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या दोन एक्स्ट्रूडरचे झिजलेले स्क्रू बदलायला मी चीनमधल्या झौशानहून नवे मागवले. मालासोबत आलेल्या इन्व्हॉइसवर पुरवठादाराने लिहिलं होतं : ‘अलॉय स्टील स्क्रू, 65 एमएम, 2 नग’ आणि खाली ‘एक्स्ट्रूडर स्पेअर पार्ट्स, 1 लॉट’. मला त्यात काही खटकलं नाही, कारण कारखान्यात आम्ही सगळे त्याला स्क्रूच म्हणतो.

कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एजंटने, म्हणजे सीएचएने, बिल ऑफ एंट्री हा आयातीचा कागद भरण्याआधी चेकलिस्ट पाठवली. मी किंमत आणि वजन पाहिलं नि ‘ओके’ कळवलं. ड्युटीचा दर ज्यावरून ठरतो त्या टॅरिफ कोडचा रकाना वाचलाच नाही. ड्युटीचा आकडा आला तेव्हा मात्र थांबलो. त्यांनी इन्व्हॉइसवरचा शब्द पाहून कोड घातला होता 7318 15 00, म्हणजे स्टीलचे स्क्रू आणि बोल्ट. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात स्टीलच्या स्क्रूंवरची मूळ ड्युटी 10 वरून 15 टक्के झाली होती. एक्स्ट्रूडरचा भाग म्हणून योग्य कोड होता 8477 90 00, आणि त्यावर साडेसात टक्के.

दोन स्क्रूंची आकारणीयोग्य किंमत 2,00,000 रुपये धरा. साडेसात टक्क्यांनी मूळ ड्युटी 15,000, तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार 1,500, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी 38,970. एकूण 55,470. पंधरा टक्क्यांनी हाच हिशोब 74,940 वर जातो. फरक 19,470 रुपयांचा. त्यातला आयजीएसटीचा 2,970 मला क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण उरलेले 16,500 खिशातूनच जातात. छोट्या युनिटला ही रक्कम जाणवते.

मी सीएचएच्या ऑफिसात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “साहेब, इन्व्हॉइसवर स्क्रू लिहिलंय, आम्ही काय करणार?” त्याचं चुकलं नव्हतं. पण 7318 हा जोडणीसाठी वापरायच्या स्क्रूंचा गट आहे. त्यांना आटे असतात ते पकडून ठेवण्यासाठी. आमचा स्क्रू सुमारे दोन मीटर लांबीचा, कशालाही न जोडणारा. तो बॅरलमध्ये फिरतो, हॉपरकडून प्लास्टिकचे दाणे पुढे ढकलतो, दाबतो आणि वितळवतो. हॉपरकडे त्याच्या पात्यांची खोली जास्त आणि पाइपला आकार देणाऱ्या डायकडे कमी असते. या स्क्रूवर बसेल असा नट जगात नाही.

ड्युटी अजून भरलेली नव्हती, म्हणून सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्तीचा अर्ज केला. फेसलेस असेसमेंटमुळे आमचा कागद दुसऱ्याच शहरातल्या अधिकाऱ्याकडे गेला. प्रश्न आला : हा भाग नेमका कोणत्या मशीनचा, आणि त्याच मशीनसाठी आहे हे कशावरून? मी आमच्या ऑर्डरसोबत पाठवलेलं ड्रॉइंग, एक्स्ट्रूडरचं जुनं खरेदी बिल आणि मशीनच्या कॅटलॉगचं पान कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन सोयीवर चढवलं. त्यांनी न्हावा शेव्याला मालाची तपासणीही करायला सांगितली. तपासणी अहवालात ड्रॉइंगशी जुळणारा आकार आणि पात्यांची बदलती खोली नोंदली गेली, तेव्हा 8477 मान्य झाला. यात आठ दिवस गेले आणि माल ठेवलेल्या गोदामाचं, म्हणजे सीएफएसचं, भाडं वाढलं.

पण त्याच अधिकाऱ्याने दुसरी ओळही उघडली. ‘1 लॉट’मध्ये काय? त्यात डायच्या फ्लँजचे 24 बोल्ट होते, आमच्या मशीनसाठी मुद्दाम बनवून घेतलेले. तेही मी 8477 मध्ये धरले होते. पण अधिकाऱ्याने ते मान्य केलं नाही. टॅरिफच्या विभाग 15 मधली टीप 2 बोल्ट, नट, वॉशर आणि स्प्रिंग यांना ‘सर्वसाधारण उपयोगाचे भाग’ ठरवते, आणि मशीनरीचा विभाग 16 अशा भागांना बाहेर ठेवतो. बोल्ट एकाच मशीनसाठी बनवला तरी तो बोल्टच राहतो. त्या बोल्टांची किंमत वेगळी दाखवून मी 15 टक्के भरले. आधी मला हे अन्यायाचं वाटलं. मग टीप स्वतः वाचली आणि पटलं : बोल्ट ज्या त्या मशीनचा भाग मानला, तर 7318 चा गटच रिकामा पडेल.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. वर्णन बदलायचं ते माल आहे तसा सांगण्यासाठी. ड्युटी कमी व्हावी म्हणून बोल्टला ‘मशीन पार्ट’ म्हटलं, तर कलम 111(एम) खाली माल जप्त होऊ शकतो.

पुढच्या ऑर्डरला मी पुरवठादाराला ओळ स्वतः लिहून दिली : ‘सिंगल स्क्रू प्लास्टिक एक्स्ट्रूडरसाठी फीड स्क्रू, व्यास 65 एमएम, लांबी-व्यास प्रमाण 30:1, ड्रॉइंग नंबरसह’. बोल्ट वेगळ्या ओळीत, नग आणि किंमत लिहून. या वेळी चेकलिस्ट आली तेव्हा आधी कोडचा रकाना वाचला.