कारण आणि परिणाम: सहावीचा उतारा

गुरुवार, रात्र

आज सहावीला कारण-परिणामासाठी मीच लिहिलेला उतारा दिला. पुस्तकातला शेतकरी नेहमी कुठल्या तरी दूरच्या गावचा असतो, म्हणून यवतमाळकडचा घेतला.

‘त्याच्या वावरात दरवर्षी कापूस असे. एका वर्षी जानेवारीत भाव बरा होता, म्हणून त्याने पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली नाहीत; पाणी देऊन त्याच झाडांवर आणखी कापूस, म्हणजे फरदड, घेतली. त्या उभ्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहिलं. पुढच्या हंगामात बोंडं वरून हिरवीगार दिसत, फोडली की आत डागाळलेली रुई. असा कापूस वेचायला वेळ लागतो, त्यामुळे बाया किलोमागे जास्त मजुरी मागू लागल्या. त्याच्या पुढच्या जूनमध्ये त्याने सोयाबीन पेरलं. ऑक्टोबरात ते निघालं, मोकळ्या वावरात हरभरा पेरता आला. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे भाव उतरले.’

प्रश्न तीन होते. पुढच्या हंगामात बोंडअळी का वाढली? वेचणीचा खर्च का वाढला? आणि त्याने सोयाबीन का पेरलं?

पहिल्याला निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘भाव बरा होता म्हणून’. चूक म्हणवेना. भावामुळे फरदड राहिली आणि फरदडीमुळे अळी तगली. मुलांनी मधला दुवा गाळला होता. फळ्यावर तिन्ही गोष्टी लिहून प्रत्येक जोडीमध्ये ‘म्हणून’ घालायला लावलं, तेव्हा गाळलेली जागा त्यांची त्यांनाच दिसली.

तिसऱ्यावर एकाने लिहिलं, ‘सोयाबीनचे भाव उतरले म्हणून’. त्याला विचारलं, पेरणी कधीची? जूनची. भाव कधी उतरले? दिवाळीला. तो स्वतःच खोडरबर शोधू लागला.

पण एका मुलीने लिहिलं होतं, ‘हरभरा घेता यावा म्हणून’. मी लाल रेघ मारली, कारण माझ्या लेखी हरभरा हा परिणाम होता. ती उभी राहिली. “सर, आमचे बाबा पेरायच्या आधीच म्हणतात, कापूस ठेवला तर हरभऱ्याला वावर मोकळं होत नाही.”

तिचं बरोबर होतं. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, कापूस पुढे महिनोन्महिने उभा राहतो. शेतकरी जूनमध्येच ऑक्टोबरचं वावर डोळ्यांसमोर आणतो. हरभरा पेरला गेला हा परिणाम. पेरता येईल हा विचार मात्र पेरणीआधीचा, म्हणून ते कारणच. तिच्या वहीतली रेघ खोडून मी खाली सही केली.

आत्ता उतारा पुन्हा वाचला. तो विचार मी लिहिलेलाच नाही, मुलांना तो सापडणार कुठून? जूनच्या वाक्याआधी एक वाक्य घातलं: ‘कापूस निघेपर्यंत हरभऱ्याची वेळ टळते, हे त्याला ठाऊक होतं.’ तिसऱ्या प्रश्नाचे दोन केले: पेरताना त्याच्या मनात काय होतं? पेरल्यावर काय घडलं?

तिने उद्या घरच्या वावरातून डोमकळी आणायचं कबूल केलंय. पाकळ्या न उघडता गुलाबासारखं मिटून राहिलेलं ते फूल. आत अळी असते. मुलांसमोर फोडून दाखवायचंय.