रविवारची कबड्डी मंगळवारी

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात फेब्रुवारीत एक मंडळ साखळी कबड्डीचं वेळापत्रक घेऊन आलं. आठ संघ, ९ ते १५ फेब्रुवारी २०२५ असे सात दिवस, मैदानं दोन: चिटणीस पार्क आणि रेशीमबाग. मंडळाचे सचिव काका पेनड्राइव्ह पुढे करत म्हणाले, "ताई, फ्लेक्सवर तारखेप्रमाणे सामने पाहिजेत. कोण कोणाशी, कुठे, किती वाजता. उद्या सकाळी छापायला गेलं पाहिजे जी."

फाइल उघडली, तर ती तारखेप्रमाणे नव्हती, संघाप्रमाणे होती. 'महाल' असं शीर्षक आणि त्याखाली महालचे सात सामने, मग 'इतवारी' आणि त्याचे सात. असे आठ गठ्ठे, एकूण ५६ ओळी. संघाच्या कप्तानाला ही मांडणी सोयीची असते, पण प्रेक्षकाला 'आज संध्याकाळी काय आहे' ते तिच्यातून कळत नाही. आणि प्रत्येक सामना तिच्यात दोनदा येतो: महालच्या यादीत इतवारीविरुद्ध, इतवारीच्या यादीत महालविरुद्ध. आठ संघांच्या साखळीत खरे सामने २८. म्हणजे ५६ ओळींच्या २८ करायच्या आणि तारखेने लावायच्या.

आधी शीर्षकातलं नाव प्रत्येक ओळीच्या शेजारी उतरवलं. स्तंभ झाले पाच: दिनांक, संघ, विरुद्ध, मैदान, वेळ. तारखेने सॉर्ट केलं तर क्रम अगदी बरोबर आला, नऊपासून पंधरापर्यंत. फ्लेक्सवर वारही हवा म्हणून शेजारी वाराचा स्तंभ काढला. काका बाजूच्या स्टुलावर बसून बघत होते. ते एकदम म्हणाले, "अवो ताई, उद्घाटन रविवारी आहे नं. मंगळवार कुठून आणला?"

पहिल्या ओळीसमोर खरंच मंगळवार होता. १० तारखेपुढे सोमवारऐवजी गुरुवार. आणि तेरापासून पुढे वारच नाही, तीच तारीख पुन्हा छापल्यासारखी दिसत होती.

मग तारखांचा स्तंभ रुंद करून नीट पाहिला. वरच्या ओळींत `9/2/2025`, उजव्या कडेला टेकलेलं. खालच्या ओळींत `13/02/2025`, डाव्या कडेला. एक्सेल आकडा उजवीकडे ठेवतो आणि मजकूर डावीकडे. तेवढ्यावरून सगळा प्रकार कळला. यादी टाइप झाली ती अशा लॅपटॉपवर, जिथे तारखेची मांडणी अमेरिकी होती, आधी महिना मग दिवस. दुकानातल्या मशीनलाही तीच मांडणी. तिथे `09/02/2025` टाइप केलं की एक्सेल ते २ सप्टेंबर समजतो, आणि २ सप्टेंबर २०२५ ला मंगळवारच होता. १० तारीख झाली २ ऑक्टोबर, ११ झाली २ नोव्हेंबर, १२ झाली २ डिसेंबर. पण तेरावा महिना नसतो, म्हणून १३, १४, १५ या तारखा त्याने तारीख म्हणून घेतल्याच नाहीत, नुसता मजकूर ठेवला. सॉर्टमध्ये आकडे आधी आणि मजकूर नंतर येतो, आणि सप्टेंबर ते डिसेंबर हे महिनेही चढत्या क्रमाने. त्यामुळे चूक असूनही क्रम बिनचूक दिसला. वाराचा स्तंभ नसता, तर ही गोष्ट आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटली असती. म्हणून तारखांच्या कुठल्याही कामात मी वार काढतेच, गिऱ्हाइकाने मागितला नाही तरी.

दुरुस्ती एका सूत्रात होते: आकडा असेल तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल, मजकूर असेल तर त्याचे तुकडे.

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

हे चालतं ते या यादीतली प्रत्येक आकडी तारीख उलटलेली होती म्हणून. काही बरोबर आणि काही उलट्या असतील, तर हेच सूत्र बरोबर तारखाही बिघडवेल; तेव्हा मूळ कागदाशी एकेक ओळ ताडून बघण्याला पर्याय नाही. इथे नवीन स्तंभात वार काढले, रविवार ते शनिवार सरळ आले, आणि काका निवांत झाले.

आता जोड्या. महाल–इतवारी आणि इतवारी–महाल हा एकच सामना आहे हे एक्सेलला आपण सांगावं लागतं. त्यासाठी दोन नावांतलं वर्णक्रमाने आधी येणारं नाव पुढे ठेवून एक जोडनाव तयार केलं:

```
=IF(TRIM(B2)<TRIM(C2),TRIM(B2)&"|"&TRIM(C2),
 TRIM(C2)&"|"&TRIM(B2))
```

`TRIM` मुद्दाम घातलं, कारण टाइप केलेल्या नावांच्या शेवटी एखादी रिकामी जागा राहून जाते आणि डोळ्यांना एकच वाटणारं नाव दोन होतं.

या टप्प्यावर बरेच जण सरळ `Remove Duplicates` दाबतात. मला ते धोक्याचं वाटतं. जोडनावावर ते चालवलं की पहिली ओळ राहते आणि दुसरी न बोलता जाते, मग दुसरीत मैदान वेगळं असलं तरी. म्हणून आधी जोडनावाला दिनांक, मैदान आणि वेळ जोडून आणखी एक स्तंभ केला आणि `COUNTIF`ने प्रत्येकाची संख्या मोजली. सगळीकडे २ यायला हवं. दोन ओळींसमोर १ आला: सक्करदरा आणि खामला, १२ फेब्रुवारी, साडेसात. सक्करदऱ्याच्या यादीत रेशीमबाग, खामल्याच्या यादीत चिटणीस पार्क.

कोणतं खरं? रोज चार सामने, प्रत्येक मैदानावर दोन, साडेसहा आणि साडेसात. पुरुषांच्या कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती, म्हणजे तासाभराचं अंतर पुरतं. १२ तारखेला रेशीमबागेत साडेसातला अजनी–नंदनवन होताच, दोन्ही याद्यांत तसाच. चिटणीस पार्कची साडेसातची जागा मात्र रिकामी. म्हणजे खामल्याची यादी बरोबर असणार. तरीही मी स्वतः बदल केला नाही. काकांनी तिथूनच मैदान बघणाऱ्याला फोन लावला आणि चिटणीस पार्कच पक्कं झालं. हा घोळ छापून गेला असता, तर सक्करदऱ्याचा संघ रेशीमबागेत जाऊन बसला असता आणि खामल्याचा चिटणीस पार्कात वाट बघत राहिला असता.

त्यानंतर दुबार ओळी काढल्या, २८ उरल्या. दिनांक, वेळ, मैदान या क्रमाने सॉर्ट केलं आणि सामना क्रमांक सॉर्ट झाल्यावरच टाकले. दोन तपासण्या उरल्या होत्या: एकाच दिवशी, एकाच मैदानावर, एकाच वेळी दोन सामने नाहीत ना, आणि कोणताही संघ एका दिवशी एकदाच येतो ना. दोन्ही `COUNTIFS`ने बघितल्या, सगळीकडे १.

तारखेचे चार खाने एकत्र करून मोठ्या अक्षरात एकच तारीख दाखवायची काकांची इच्छा होती. ते मी फक्त छपाईच्या प्रतीत केलं. एकत्र केलेल्या खान्यांवर पुन्हा सॉर्ट लागत नाही, म्हणून मूळ तक्त्यात प्रत्येक ओळीत तारीख पूर्ण लिहिलेली राहू दिली. त्याचा उपयोग त्याच संध्याकाळी झाला. कप्तानांना आपापल्या संघाची यादी हवीच होती, आणि जुनी वाटली तर १२ तारखेचं चुकीचं मैदान पुन्हा फिरलं असतं. दुरुस्त तक्त्यालाच फिल्टर लावून आठही याद्या काढल्या आणि काकांना सांगितलं, आधीच्या सगळ्या परत मागवा.