आंबा घाट, साखरेचा ट्रक आणि एकच लांब दोर

गेल्या आठवड्यात कोल्हापूर ते रत्नागिरी टेम्पो घेऊन गेलो होतो, मी आणि मेहुणा. साधारण १३० किलोमीटरचा रस्ता, नेहमीचाच, पण यावेळी आंबा घाटात दीड तास अडकलो आणि जे बघितलं ते लिहून ठेवावं असं वाटलं. माल भरून या रस्त्याने जाणाऱ्यांना उपयोग होईल, गाडीवाल्यांनाही थोडाफार होईल.

पहाटे साडेचारला निघालो. मलकापूरला चहा झाला, तिथून आंब्यापर्यंत धुकं वाढत गेलं. आंबा गाव सोडून घाट उतरायला लागलो तेव्हा साडेसहा वाजले असतील. चौथ्या की पाचव्या वळणावर पुढच्या एसटीने एकदम ब्रेक मारला. उतरून बघतो तर दहा टायर ट्रक उजव्या कुशीवर झोपलेला, चाकं आमच्याकडं, आणि रस्त्यावर पांढरा सडा. मला आधी सिमेंट वाटलं, पायाखाली कचकच झाली तेव्हा कळलं साखर आहे.

नशीब बघा, त्या जागी उजवीकडे डोंगर आणि डावीकडे दरी. वळण डावीकडचं, ओढ्याच्या घळीतून फिरणारं, म्हणून गाडी बाहेर म्हणजे उजवीकडे पडली आणि डोंगराकडच्या गटारात टेकली. थोडं वर नाकाडावर उजवं वळण आहे, तिथं हेच झालं असतं तर गाडी दरीतच. क्लीनर पोरगा काचेतून बाहेर आलेला, खरचटण्यापलीकडं काही नाही. ड्रायव्हर मामांचा खांदा दुखावला होता, १०८ ला फोन झालेला होता आणि ते गटाराच्या कठड्यावर बसून राहिले होते. बॅटरीची वायर त्यांनी स्वतःच आधी काढली, डिझेल गळत होतं म्हणून. पन्नाशीचा माणूस, शांत.

आमच्याकडच्या थर्मासमधला चहा त्यांना दिला आणि मग ते बोलायला लागले. "पाव्हणं, जोरात नव्हतो वं, तीस-पस्तीस असंल. वजनाचा माल हाय, हलत न्हाई असंच आमी धरून चालतो. पन तीन वळणं अगुदर गाडी उजवीकडं बसल्यागत वाटाय लागली. म्हटलं स्प्रिंगचा पाटा गेला का काय. आरशात बघितलं तर ताडपत्रीला पोट आलंय. म्हटलं खाली सपाटीला गेल्यावर बांधू. ह्या वळणाला मागनं धप्प आवाज आला, स्टेरिंग हलकं झालं, आन मग हातात काय राहिलंच न्हाई."

आता माल काय होता आणि कसा भरला होता ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. पन्नास किलोच्या ३६० गोण्या, म्हणजे १८ टन, रत्नागिरीच्या व्यापाऱ्याच्या. हाफ बॉडी गाडी, बाजूच्या फळ्या तीन-सव्वातीन फुटाच्या, आणि थर लागले दहाच्या आसपास, म्हणजे वरचे तीन थर फळ्यांच्या वर उघडे. गोण्या तागाच्या नाहीत, प्लास्टिकच्या विणलेल्या. इथंच निम्मं काम झालेलं असतं. तागाची गोणी गोणीला धरून बसते, प्लास्टिकची घसरते. मी तिथंच पडलेल्या दोन गोण्या एका फळीवर एकावर एक ठेवून मेहुण्याला फळीचं टोक उचलायला लावलं, फार नाही उचलावं लागलं, वरची निघाली. गोणी जड आहे म्हणून थांबते हा गैरसमज आहे. वजन वाढलं की खालचं घर्षण वाढतं तसा बाहेर फेकणारा जोरही तेवढाच वाढतो, त्यामुळं दहा किलोची गोणी आणि पन्नास किलोची गोणी सारख्याच उताराला सुटते.

हिशोब करून बघितला, कारण मामा खोटं बोलत नव्हते, पस्तीस म्हणजे खरंच जोरात नाही. तसलं घाटातलं वळण ३० मीटर त्रिज्येचं धरा. तीसच्या स्पीडला बाहेर ओढणारा जोर मालाच्या वजनाच्या पाव भागाच्या आत राहतो. पस्तीसला तो ३२ टक्क्यांवर जातो, चाळीसला ४२. प्लास्टिकच्या गोण्यांचं घर्षण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास धरतात, दंव पडलं असेल तर आणखी कमी. म्हणजे तीसला माल बसून होता आणि पस्तीसला सुटला, मधला फरक पाच किलोमीटरचा. रस्त्याचा आतला कल थोडी मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि माल अर्धा फूट जरी एका बाजूला गेला तरी सगळ्या गाडीचा तोल तिकडं जातो, मग जे वळण काल त्याच स्पीडला निघालं ते आज निघत नाही.

पण नुसत्या प्लास्टिकच्या गोण्यांनी पलटी होत असती तर रोज होत राहिली असती. दोन गोष्टी अजून झाल्या. आदल्या संध्याकाळी मामांनी मलकापुरात ४० गोण्या उतरवल्या. गाडीच्या डाव्या बाजूला गटार होतं म्हणून हमालांनी मागचा फाळका पाडून उजव्या कोपऱ्यातूनच गोण्या काढल्या, वरपासून खालपर्यंत, विहीर खणल्यासारख्या. म्हणजे उजवीकडं मागं खड्डा, आणि त्याच्या शेजारच्या थप्पीला उजवीकडून आधार काहीच नाही. त्यात ताडपत्री ओढून वर दोर टाकला की बाहेरून गाडी एकदम सुबक दिसते, आतली पोकळी कोणाला दिसणार.

दुसरी गोष्ट दोर. मी गाडीभोवती फिरून बघितलं. एकच लांब नायलॉनचा दोर, पुढच्या हुकापासून सुरू करून आडवातिडवा मागपर्यंत नेलेला, दोन्ही बाजूंच्या हुकांतून ओवलेला, शेवटी एक गाठ. आपल्याकडं बहुतेक गाड्या अशाच बांधतात, मी पण बांधायचो. यात गोची अशी की मागं खड्ड्यावर दोर ढिला पडला की तो ढिलेपणा हुकांतून सरकत पुढं येतो, हळूहळू सगळ्याच फेऱ्या सैल होतात. शिवाय नायलॉन भिजला की ताणतो, आणि रात्रभर दंवात उभी होती गाडी. साखर पण पहिल्या वीस-तीस किलोमीटरात बसते, थप्पी दोन-तीन इंच खाली जाते, तेवढा दोर आपोआप सुटतो. मामांनी मलकापुरात दोर परत ओढला का विचारलं तर म्हणाले, "मागची गाठ मारली की. पुढचं कोन बघतंय अंधारात." मग त्यांनी मला तो दोर दाखवला, मधे एका जागी हुकावर घासून त्याचे पीळ उसवले होते, केसांसारखे धागे बाहेर आलेले.

मग कसं बांधायचं? आधी थप्पी. खालच्या थरात गोण्या आडव्या तर वरच्या थरात उभ्या, गवंडी विटांना सांधमोड करतो तसं, म्हणजे थर एकमेकांना धरतात. फळ्यांच्या वर गेलेले थर कडेपासून अर्धा फूट आत घ्या. प्लास्टिकच्या गोण्या असतील तर दर दोन-तीन थरांनंतर जुनं गोणपाट अंथरा, कोरडं, धूळ झटकलेलं. फुकटातली गोष्ट आहे आणि पट्ट्यांपेक्षा जास्त कामाला येते. वाटेत माल उतरवायचा असेल तर हमालांना आधीच सांगा की वरचा थर सगळीकडून काढा, कोपरा खणू नका. ते कुरकुर करतील कारण गोणी लांबून आणावी लागते, दहा रुपये जास्त द्या.

बांधायला एक लांब दोर नको, प्रत्येक फेरीचा वेगळा दोर किंवा रॅचेटचे पट्टे. किती लागतील त्याचा हिशोब मामांच्याच गाडीवर करून दाखवतो. उघडे तीन थर म्हणजे साधारण १०८ गोण्या, ५.४ टन. बाजूला अर्ध्या वजनाएवढा झटका सहन व्हावा असा युरोपातला नियम आहे, म्हणजे २.७ टन. घर्षण ३० टक्के धरलं तर १.६ टन नुसतं घर्षण झेलतं. उरले जवळजवळ ११०० किलो. पट्टा रॅचेटने नीट आवळला की ३०० किलोच्या आसपास ताण येतो, तो दोन्ही बाजूंनी खाली दाबतो, त्यातून घर्षण मिळतं साधारण १८० किलोचं. म्हणजे सहा पट्टे. हाताने ओढलेल्या दोराला माझ्या अंदाजाने पट्ट्याच्या पाव हिश्श्याएवढा ताण येत असेल, मग चोवीस फेऱ्या लागतील, आणि मामांच्या गाडीवर सात होत्या. हे सगळं गोण्या सलग भरलेल्या असतील तरच, आत पोकळी असेल तर सहा काय बारा पट्टे पण कामाचे नाहीत कारण पट्टा खाली दाबतो, खड्डा भरत नाही. आणि कोपऱ्यावर पट्टा गोणी कापतो, तिथं रबराचा तुकडा किंवा जुन्या टायरचा पट्टा ठेवा.

परत आवळायची जागा ठरवून टाका. या रस्त्याला पहिली मलकापूर, दुसरी आंबा गाव, घाट सुरू व्हायच्या आधी. टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंनी फिरा, प्रत्येक फेरी हाताने दाबा. घाटात असताना सपाट तुकड्यावर गाडी एका अंगाला बसल्यासारखी वाटली, आरशात एकीकडची ताडपत्री फुगलेली दिसली किंवा एका बाजूचे दोर झुलायला लागले तर तिथंच रुंद जागा बघून थांबा, खाली सपाटीची वाट बघू नका. मामांना यातली पहिली दोन लक्षणं दिसली होती, त्यांना वाटलं पाटा तुटलाय.

कारवाल्यांसाठी एवढंच, अशी फुगलेली गाडी पुढे असेल तर वळणावर तिच्या बाहेरच्या बाजूने ओव्हरटेक करू नका, गाडी तिकडेच पडते. आणि आंबा सोडल्यावर साखरप्यापर्यंत फारसं काही मिळत नाही, पाणी आधीच घ्या. मदतीला ११२, राष्ट्रीय महामार्गाला १०३३ आहे, रेंज मधेमधे जाते.

पोलीस आल्यावर आधी एक लेन मोकळी झाली. काही लोकं पिशव्या घेऊन साखर भरायला उतरली होती, क्लीनर पोरगा त्यांना ओरडत होता, आणि मामा म्हणाले राहू दे रे, फोटो काढ आधी, गोण्यांचे, हुकांचे, दोराचे, विम्याला लागतील. शहाणपणाचं बोलले. क्रेन आल्यावर सगळं हलवतात आणि मग बांधलं कसं होतं याचा पुरावा राहत नाही. बिल्टी त्यांच्या वरच्या खिशात होती, चहा सांडून ओली झालेली.

आम्ही आठ वाजता सुटलो. साखरप्याला टेम्पो थांबवून मेहुण्याने आमच्याच ताडपत्रीवरच्या दोराला हात लावला, तो बोटभर सैल होता. दुसऱ्या दिवशी परत येताना गाडी उचलली होती, रस्ता झाडलेला, फक्त गटाराच्या कडेला चिकट पट्टा राहिला होता आणि त्यावर मुंग्या आणि माकडं.